नऊ तिकिटं, एक स्क्रीनशॉट

शनिवारचा सिनेमा ठरतो आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी सीटांच्या नकाशाचा फोटो टाकतं. खाली लगेच प्रश्न येतो, "यातल्या कुठल्या घेऊ? सगळे एकत्र बसले पाहिजेत आणि पुढच्या नकोत." पुढच्या दहा मिनिटांत दहा मतं येतात. कुणी मधल्या सीटांवर लाल गोल काढतं, कुणी "मागच्या घे" म्हणतं. नाटकाला कायम पहिल्या तीन रांगांचा आग्रह धरणारे आजोबा "पुढच्या का नकोत?" असं विचारतात. तो प्रश्न रास्त आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

१. पुढच्या रांगा नेमक्या का नकोत?

नाटकात नट आपल्याएवढाच असतो. त्याचा चेहरा दिसावा, आवाज थेट यावा म्हणून आपण पुढे बसतो. सिनेमाच्या पडद्यावर तोच चेहरा दोन मजली घराएवढा होतो. तो नीट दिसायला जवळ जावं लागत नाही, उलट थोडं लांब बसावं लागतं.

आकड्यांत पाहू. आपल्या मध्यम आकाराच्या मल्टिप्लेक्समधला एक हॉल धरा. पडदा १२ मीटर रुंद आणि ५ मीटर उंच. पडद्याची खालची कड जमिनीपासून १ मीटरवर, म्हणजे वरची कड ६ मीटरवर. पहिली रांग पडद्यापासून साडेचार मीटरवर. पुढची प्रत्येक रांग सव्वा मीटरला थोडं कमी, म्हणजे १.१५ मीटर मागे आणि सुमारे ३५ सेंटिमीटर उंच. पहिल्या रांगेत बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून १.१५ मीटरवर असतात. तिथून पडद्याची वरची कड पाहायला नजर सुमारे ४७ अंश वर न्यावी लागते. दुसऱ्या रांगेतून हाच कोन सुमारे ३८ अंश, तिसरीतून ३१, चौथीतून २६ आणि सहावीतून १७ होतो. कोन भराभर उतरतो, कारण मागे जाताना आपण लांबही जातो आणि वरही चढतो.

सिनेतंत्रज्ञांच्या एसएमपीटीई या अमेरिकी संस्थेने दिलेल्या सूचनेनुसार पहिल्या रांगेतून पडद्याच्या वरच्या कडेपर्यंतचा कोन ३५ अंशांहून जास्त नसावा. जागा वाया जाऊ नये म्हणून एक-दोन रांगा जास्त बसवलेल्या हॉलमध्ये ही मर्यादा ओलांडली जाते. आपल्या उदाहरणातल्या पहिल्या दोन रांगा तिच्याबाहेर आहेत. ३५ अंश म्हणजे किती, हे घरीच पाहता येतं. हात समोर ताठ धरून मूठ वळली, की त्या मुठीची रुंदी डोळ्याला साधारण १० अंश भरते. डोळ्यांच्या पातळीपासून साडेतीन मुठी एकावर एक मोजा आणि तिथे नजर लावून दोन मिनिटं बसा. मग अडीच-तीन तासांत मानेचं काय होतं ते सांगावं लागत नाही.

मानेइतकाच त्रास रुंदीचा होतो. पहिल्या रांगेतून हा पडदा डावीकडून उजवीकडे १०० अंशांहून जास्त पसरलेला दिसतो. एवढं एका नजरेत मावत नाही. एका कडेला बोलणारा आणि दुसऱ्या कडेला ऐकणारा असेल तर मान सतत फिरवावी लागते, आणि सबटायटल वाचता वाचता चित्र निसटतं. लहान मुलांचे डोळे पहिल्या रांगेत आणखी खाली असतात, त्यामुळे त्यांचा कोन मोठ्यांपेक्षाही जास्त होतो. "मुलांना पुढे बसवू, म्हणजे समोर कुणाचं डोकं येणार नाही" हा विचार उताराच्या हॉलमध्ये म्हणूनच टिकत नाही. डोकं आड येऊ नये याची सोय त्या चढत्या पायऱ्यांनी आधीच केलेली असते.

२. मग सगळ्यात मागच्या घ्याव्यात का?

मागच्या रांगा वाईट नसतात. चित्र एका नजरेत मावतं, मान सरळ राहते. पण सिनेमा फक्त डोळ्यांनी पाहायचा नसतो. आवाजाची जुळवणी करताना तंत्रज्ञ मोजमापासाठी जी जागा धरतात ती साधारणपणे पडद्यापासून मागच्या भिंतीपर्यंतच्या अंतराच्या दोन तृतीयांशावर असते. भिंतीला टेकलेल्या रांगेत मागचे स्पीकर डोक्याजवळ येतात आणि बाकीच्यांपेक्षा मोठे वाटतात. आपल्या हॉलमध्ये ११ रांगा धरल्या, तर दोन तृतीयांशाची ही जागा पडद्याकडून मोजल्यास सहाव्या-सातव्या रांगेत पडते. तिथे मान निवांत, पडदा भरपूर मोठा आणि आवाज सगळीकडून सारखा.

म्हणून अशा हॉलसाठी माझा हिशेब साधा आहे. पडद्याकडच्या पहिल्या दोन रांगा घ्यायच्याच नाहीत, तिसरी अगदीच नाइलाज झाला तर, चौथी-पाचवी चालतील, आणि सहावीपासून आठवीपर्यंत मिळाल्या तर उत्तम. मात्र रिक्लायनर खुर्च्यांच्या हॉलमध्ये हे मोजणं लागू पडत नाही. पाय पसरायला जागा हवी म्हणून तिथे दोन रांगांमधलं अंतर जवळजवळ दुप्पट असतं. सगळ्या हॉलमध्ये मिळून पाच-सहाच रांगा असतात आणि त्यातली तिसरी रांग साध्या हॉलमधल्या पाचवीइतकी लांब असू शकते.

३. नकाशा वाचताना आधी काय पाहायचं?

आधी पडदा शोधायचा. हे वाचायला सोपं वाटतं, पण बहुतेक गोंधळ इथेच होतो. तिकिटांच्या ॲपवर पडदा काही ठिकाणी नकाशाच्या वर दाखवतात, तर काही ठिकाणी खाली. रांगांच्या अक्षरांवरूनही दिशा ठरवता येत नाही. काही चित्रपटगृहांत A रांग पडद्यालगत असते, काहींत सगळ्यात मागे. "A म्हणजे पुढची" असं धरून चालणाऱ्या माणसाच्या वाट्याला कधी मानदुखी येते, कधी चांगल्या सीट सोडल्याची हळहळ. स्क्रीनशॉट काढताना नकाशा मोठा केलेला असेल तर पडद्याची खूण कापली जाते. अशा फोटोवर मत देऊच नये, पूर्ण नकाशाचा फोटो मागवावा. आणि पूर्ण फोटो मिळत नसेल तर दरांवरून अंदाज येतो. स्वस्त रांगा जवळजवळ नेहमी पडद्यालगतच्या असतात.

त्यानंतर नकाशातल्या मोकळ्या उभ्या पट्ट्या पाहायच्या. त्या पायऱ्यांच्या वाटा असतात. नंबर मात्र वाटेपाशी थांबत नाहीत. १२ नंबरच्या शेजारी १३ असला तरी मध्ये सव्वा मीटरची वाट असू शकते. नुसते नंबर सांगून फोनवर सीट ठरवल्या की "लागोपाठ तर घेतल्या होत्या" असं म्हणत कुटुंब वाटेच्या दोन बाजूंना बसतं. तसंच अक्षरांचं. I हे अक्षर एक या आकड्यासारखं दिसतं म्हणून अनेक ठिकाणी ते गाळतात. तिथे H आणि J या लगतच्याच रांगा असतात.

एक गोष्ट नकाशात सहसा नसतेच, ती म्हणजे दार. काही हॉलमध्ये आपण पडद्याजवळच्या दाराने खालून आत येतो आणि वर चढतो, काहींत मधूनच शिरतो, काहींत मागून येऊन खाली उतरतो. गुडघे दुखणाऱ्या आजीसाठी हाच सगळ्यात महत्त्वाचा तपशील असतो. त्या हॉलमध्ये आधी गेलेल्या कुणाला तरी विचारून घ्यावं.

४. एकत्र म्हणजे एका ओळीत का?

पंगतीत एकाच लांब ओळीत बसलं की या टोकाचा त्या टोकाशी बोलू शकत नाही, आणि सिनेमागृहात तर समोर बघून कुजबुजायचं असतं. आठ जण एका ओळीत बसले तर दोन टोकांच्या माणसांत सुमारे चार मीटर अंतर पडतं. तेच आठ जण चार-चार करून दोन रांगांत, एकामागे एक बसले तर सर्वात लांबच्या दोघांतलं अंतर दोन मीटरच्या आसपास राहतं. मागच्या रांगेतली आई पुढच्या रांगेतल्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवू शकते. पॉपकॉर्न पुढे-मागे फिरतं.

शिवाय एका ओळीत आठ-नऊ रिकाम्या सीट मिळतात त्या बहुधा पुढेच, कारण चांगल्या रांगांतून दोन-दोन, चार-चार सीट आधी गेलेल्या असतात. "एकाच ओळीत हव्यात" ही अट धरली की कुटुंब आपोआप पुढे ढकललं जातं. ती सोडली की मागच्या रांगांतले तुकडे उपयोगी पडायला लागतात.

तुकडे जोडताना एक कसोटी लावावी. दोन लगतच्या रांगांतले तुकडे एकमेकांच्या बरोबर मागेपुढे किती सीटांत येतात? तीन-चार सीट एकमेकींवर येत असतील तर तो एकच गट झाला. एकाच सीटचा कोपऱ्याला कोपरा लागत असेल तर ते दोन गट आहेत. हे नकाशातल्या उभ्या रेषेवरून पाहायचं, नंबरांवरून नाही. एका रांगेत १६ आणि दुसरीत १४ सीट असतील तर दोन्ही रांगांतली ९ नंबरची सीट मागेपुढे येईलच असं नाही.

५. एक नकाशा सोडवून पाहू

समजा एका कुटुंबात नऊ जण आहेत. आजी, आजोबा, त्यांची दोन मुलं, दोन सुना आणि तीन नातवंडं: १२ वर्षांची मुलगी, ७ वर्षांचा मुलगा आणि ४ वर्षांचा मुलगा. ही तिन्ही मुलं थोरल्या मुलाची. आजीला पायऱ्यांचा त्रास. हॉल वरचाच. A सगळ्यात मागे, I अक्षर गाळलेलं, आणि L पडद्यालगत. A आणि B जवळजवळ भरल्या आहेत, J, K, L पूर्ण रिकाम्या. मधल्या रांगा अशा आहेत (o म्हणजे रिकामी, x म्हणजे गेलेली, पडदा खालच्या बाजूला):

```
     1  2  3  4     5  6  7  8  9 10 11 12    13 14 15 16
C    o  o  o  o     x  x  x  x  x  x  x  x     x  x  o  o
D    o  o  x  x     x  x  o  o  o  o  x  x     x  x  x  x
E    o  o  o  o     x  x  x  x  x  o  o  o     o  o  x  x
F    x  x  o  o     x  x  x  x  o  o  o  o     o  o  x  x
G    o  o  o  o     o  o  x  x  x  x  o  o     o  o  o  o
H    o  o  o  o     o  o  o  o  o  o  o  o     o  o  o  o
```

पहिली नजर H रांगेवर जाते, कारण ती सबंध मोकळी आहे. पडद्याकडून ती चौथी. वरचा कोन २६ अंश, म्हणजे मानेला चालेल. पण मधल्या भागात सीट आठच. नववा माणूस वाटेपलीकडे H4 किंवा H13 वर एकटा जाणार, आणि बाकीचे आठ लांब ओळीत. ही सोय हाताशी ठेवायची, पहिली निवड म्हणून नाही.

दुसरं आकर्षण D7 ते D10 चं. अगदी मध्यावरच्या, आठव्या रांगेतल्या चार सीट, या नकाशातल्या सर्वात चांगल्या. उरलेल्या पाच जणांना पुढच्या E रांगेत E10 ते E14 मिळतील. पण D आणि E मध्ये फक्त १० नंबरची सीट मागेपुढे येते. म्हणजे चार जणांना झकास जागा आणि कुटुंबाचे दोन भाग. आठ मोठे मित्र असते तर मी हेच घेतलं असतं.

आता E आणि F एकत्र पाहा. F9 ते F12 चार सीट, त्यांच्या मागे E10 ते E12 तीन. १०, ११, १२ या तिन्ही मागेपुढे जुळतात. हे सात जण झाले. वाटेपलीकडे १३ आणि १४ नंबरच्या सीट दोन्ही रांगांत मोकळ्या आहेत, त्या आजी-आजोबांसाठी. रांगा सहावी आणि सातवी, म्हणजे आपण हवी म्हटलेली जागा. सगळे थोडे उजवीकडे सरकतात, पण १४ नंबरची सीट हॉलच्या मध्यरेषेपासून चार मीटरच्या थोडी पलीकडे आहे आणि पडद्याची निम्मी रुंदी सहा मीटर. पडद्याच्या उभ्या कडेच्या आत बसलेल्या माणसाला चित्र तिरकं झाल्याचं फारसं जाणवत नाही.

कुणी कुठे बसायचं हेही इथेच ठरतं. F8 आणि E9 वर अनोळखी माणसं असणार, म्हणून F9 वर काका आणि E10 वर बाबा. F10 वर सात वर्षांचा, F11 वर चार वर्षांचा, आणि वाटेलगतच्या F12 वर आई, कारण धाकट्याला सिनेमात एकदा तरी बाहेर न्यावं लागतंच आणि तेव्हा कुणाचे पाय ओलांडायला नकोत. मागे E11 वर मुलगी, E12 वर काकू. आजी १३ वर, वाटेला लागून, आजोबा १४ वर. रांग कुठली, ते दारावर. दार पडद्याकडे खाली असेल तर F, म्हणजे आजीला एक रांग कमी चढायची. दार मागे असेल तर E. दोन्ही ठिकाणी वाटेपलीकडे हाताच्या अंतरावर घरचं माणूस असतंच.

या नकाशात आणखी एक जागा आहे जी पटकन दिसत नाही. डावीकडच्या कोपऱ्यात C1 ते C4, D1, D2 आणि E1 ते E4 या दहा सीट एकमेकींना चिकटून मोकळ्या आहेत. तिथे नऊही जण वाटेशिवाय एकत्र बसतात आणि एका बाजूला भिंत असते. किंमत अशी, की सगळ्यांना पडदा बाजूने दिसतो आणि D1, D2 वरच्यांना बाहेर पडताना D3, D4 वरच्या दोन अनोळखी लोकांना उठवावं लागतं. E-F गेल्या तर मी हा कोपरा घेईन, आणि त्यानंतरच H. लहान मुलं दोनाऐवजी चार असती तर कदाचित कोपरा आधी घेतला असता, कारण भिंतीकडून कुणी पळून जात नाही.

६. स्क्रीनशॉट शिळा होतो तेव्हा

फोटो काढला त्या क्षणाचाच हा नकाशा असतो. शुक्रवारी रात्री लोकप्रिय सिनेमाची चर्चा अर्धा तास चालली तर E-F राहिलेल्या नसतील. म्हणून ग्रुपवर एकच पर्याय ठरवू नये. पहिला, दुसरा आणि तिसरा असे क्रमाने तीन ठरवावेत आणि बुकिंग करणाऱ्याला पुन्हा न विचारता खाली उतरायची मुभा द्यावी.

बुकिंग एकानेच करावं, यालाही कारण आहे. कुणी सीट निवडून पैसे भरण्याच्या पानावर गेलं की त्या सीट काही मिनिटं त्याच्यासाठी अडवून ठेवल्या जातात आणि बाकीच्यांना गेलेल्या दिसतात. काका आणि बाबा दोघंही एकाच वेळी बुक करायला बसले तर ते एकमेकांच्याच सीट अडवतात, आणि दोघंही ग्रुपवर "गेल्या रे!" असं लिहितात. त्याच कारणाने आत्ता गेलेल्या दिसणाऱ्या सीट थोड्या वेळाने परत मोकळ्या होऊ शकतात, कुणाचं तरी पैसे भरणं अर्धवट राहिलेलं असतं. हव्या त्या गटातल्या एक-दोनच सीट नुकत्या गेल्या असतील तर पाच-दहा मिनिटांनी पान पुन्हा उघडून पाहणं फुकट जात नाही.

बुकमायशोवर एका वेळी जास्तीत जास्त १० तिकिटं काढता येतात. माणसं बारा असतील तर दोन वेळा काढावी लागतील. अशा वेळी आधी तो भाग घ्यावा ज्याच्या अटी जास्त आहेत: मुलं, त्यांचे आईवडील आणि वाटेलगतची आजीची सीट. मोठ्या चौघांना नंतर आसपास जे मिळेल ते चालतं. उलट क्रमाने गेलं आणि मध्येच सीट संपल्या तर लहान मूल एकीकडे आणि आई दुसरीकडे अशी वेळ येते.

व्हीलचेअर लागणारं कुणी असेल तर मात्र हा सगळा हिशेब बाजूला ठेवून आधी चित्रपटगृहात फोन करावा. व्हीलचेअरची जागा कुठे आहे आणि तिच्या शेजारी घरच्यांना किती सीट मिळतील, हे नकाशावरून कळत नाही. अनेक हॉलमध्ये पायऱ्या नसलेली जागा फक्त पडद्याजवळ असते. तसं असेल तर सगळ्या कुटुंबाने पुढे जाण्यापेक्षा एक-दोघांनी सोबत बसावं आणि मध्यंतरात बदलावं. किंवा मधल्या दारातून सरळ आत नेणारा हॉल असलेलं दुसरं चित्रपटगृह निवडावं. तिकिटं मिळाली की नुसता तिकिटाचा फोटो न पाठवता, कोण कुठल्या नंबरवर ते चार ओळींत लिहून ग्रुपवर टाकावं. अंधारात वाटेत उभं राहून ते ठरवायला लागू नये.